शेवेची दोन मशिनं आणि सरासऱ्यांची वजाबाकी

माझा भाचा इंदूरला सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघतो. मध्यंतरी एका रविवारी रामबागेत आमच्याकडे सकाळी पोहे खायला आला आणि पोह्यांवर शेव-जिरावन भुरभुरता भुरभुरता त्यानं रडगाणं सुरू केलं. "मावशी, आमचं जुनं मशीन पाकिटात जास्त माल टाकतं हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे. पण काल मी दोन्हीकडची पाकिटं तोलली, तर नव्याचीच सरासरी जास्त आली. शेठ म्हणाले, जुन्याची भरती वाढवा. उद्या मेकॅनिक येतोय."

मी म्हटलं, मेकॅनिकला एक दिवस थांबव आणि कागद घे. त्या कागदावर जे झालं तेच इथे पायरीपायरीनं लिहिते आहे. कॉलेजच्या मुलांना मी घरी संख्याशास्त्र शिकवते. दोन सरासऱ्यांच्या फरकाशी मुलं आली की निम्मी वही बंद करतात. सूत्र अवघड नाही, पण त्यात एक अधिकचं चिन्ह आहे, ते कुणाला पटत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आमच्या इंदूरच्या मराठी मुलांची गंमत अशी की घरात ती 'सरासरी' म्हणतात, हिंदी पुस्तकात 'माध्य' वाचतात आणि पेपरात 'मीन' लिहितात. हिंदीतलं 'मानक विचलन' मराठीत 'प्रमाण विचलन' होतं, 'प्रतिदर्श'चा 'नमुना' होतो, 'प्रसरण'चं 'प्रचरण' होतं. इथे मी मराठी शब्द वापरते. प्रमाण विचलन म्हणजे एकेक पाकीट सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पळतं ते, आणि प्रचरण म्हणजे त्याचा वर्ग. एवढ्यावर भागेल.

पहिली पायरी: सहा आकडे मांडा

पाकीट ४०० ग्रॅमचं. दोन्ही मशिनांच्या जुन्या नोंदी कारखान्यात होत्या, हजारो पाकिटांच्या, म्हणून दीर्घकाळची सरासरी आणि प्रमाण विचलन माहीत आहे असं धरायला हरकत नव्हती. जुनं मशीन: सरासरी ४०४ ग्रॅम, प्रमाण विचलन १२ ग्रॅम. नवं मशीन: सरासरी ४०१ ग्रॅम, प्रमाण विचलन ५ ग्रॅम. भाच्यानं जुन्याची ३६ पाकिटं तोलली होती आणि नव्याची २५. हे सहा आकडे कागदाच्या वरच्या बाजूला दोन ओळींत लिहायचे, जुन्याचे तीन वर, नव्याचे तीन खाली. ही ओळ चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि ती चुकते ती बहुधा प्रमाण विचलन आणि प्रचरण यांच्या अदलाबदलीनं. पेपरात 'प्रचरण १४४' दिलेलं असतं आणि पोरं १४४चा पुन्हा वर्ग करतात.

आता प्रश्न नेमका विचारू. जुनं मशीन खरोखरच सरासरी ३ ग्रॅम जास्त भरतं. तरीही ३६ आणि २५ पाकिटांच्या नमुन्यात नव्याची सरासरी वर येईल, म्हणजे चित्र उलटं दिसेल, याची संभाव्यता किती?

दुसरी पायरी: प्रत्येक सरासरीची स्वतःची हालचाल काढा

एक पाकीट १२ ग्रॅमनं हलतं, पण ३६ पाकिटांची सरासरी तेवढी हलत नाही. काही जड निघतात, काही हलकी, आणि बरंचसं एकमेकांत जिरून जातं. सरासरीची हालचाल म्हणजे प्रमाण विचलन भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ. हिला प्रमाण त्रुटी म्हणतात. जुन्यासाठी १२ भागिले ६, म्हणजे २ ग्रॅम. नव्यासाठी ५ भागिले ५, म्हणजे १ ग्रॅम.

याचा अर्थ डोळ्यांपुढे आणायचा तर असं समजा: भाच्यानं रोज जुन्या मशीनची ३६ पाकिटं तोलली आणि दिवसाची फक्त सरासरी वहीत लिहिली. वर्षभरात त्या वहीत ४०४च्या आसपासचे शेकडो आकडे जमतील. त्या आकड्यांचा पसारा २ ग्रॅमचा असेल. पाकिटांचा नाही, सरासऱ्यांचा. अशा सरासऱ्या कशा पसरतात, त्या पसरण्यालाच नमुना-वितरण म्हणतात. आपल्याला आता त्याच वहीत तिसरा रकाना काढायचा आहे: जुन्याची सरासरी वजा नव्याची सरासरी. या तिसऱ्या रकान्यातले आकडे कसे पसरतील, हाच आपला विषय.

तिसरी पायरी: सरासऱ्या वजा, प्रचरणं अधिक

तिसऱ्या रकान्याचा मध्य सोपा आहे. ४०४ वजा ४०१, म्हणजे ३ ग्रॅम. इथे कुणी अडत नाही.

अडतात पसाऱ्यावर. भाच्यानंही लगेच विचारलं, "सरासऱ्या वजा केल्या ना, मग त्रुट्या पण वजा. दोन वजा एक, एक." मी त्याला चार ओळी लिहायला लावल्या. समज, जुन्याची सरासरी एक तर २ ग्रॅम वर चुकते किंवा २ ग्रॅम खाली, दोन्ही सारख्याच शक्यतेनं. नव्याची तशीच १ ग्रॅम वर किंवा १ ग्रॅम खाली. दोन्ही मशिनांना एकमेकांचा पत्ता नाही. मग फरकातली चूक किती?

जुनं २ वर, नवं १ वर: फरक १नं चुकला. जुनं २ वर, नवं १ खाली: फरक ३नं चुकला, कारण खाली गेलेला आकडा वजा केला की फरक वाढतो. जुनं २ खाली, नवं १ वर: उणे ३. जुनं २ खाली, नवं १ खाली: उणे १. चारही गोष्टी सारख्याच संभवतात. चुकांचे वर्ग घ्या: १, ९, ९, १. बेरीज २०, सरासरी ५.

आणि ५ म्हणजे काय? २चा वर्ग अधिक १चा वर्ग. चार अधिक एक.

वजाबाकीचं चिन्ह चुकीला कमी करत नाही. नव्याची चूक वर गेली काय नि खाली गेली काय, ती फरकात येऊन बसतेच, फक्त बाजू बदलून. वर्ग केला की बाजू पुसली जाते आणि दोन्ही प्रचरणं एकमेकांवर चढतात. भाच्याची 'दोन वजा एक' केव्हा बरोबर ठरली असती? दोन्ही मशिनं नेहमी एकाच बाजूला चुकत असती तर. मग चारांपैकी पहिली आणि शेवटची अशा दोनच ओळी उरतात आणि चूक प्रत्येक वेळी १. उलट, मशिनं नेहमी विरुद्ध बाजूला चुकत असती तर चूक प्रत्येक वेळी ३. आपली मशिनं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणून खरा पसारा या दोन टोकांच्या मधे पडतो. 'स्वतंत्र' हा शब्द पुस्तकात शोभेला नसतो, त्या अधिकच्या चिन्हाचं भाडं तोच भरतो.

```
SE = sqrt( σ1²/n1 + σ2²/n2 )
   = sqrt( 144/36 + 25/25 )
   = sqrt( 4 + 1 ) = 2.236
```

फरकाची प्रमाण त्रुटी २.२३६ ग्रॅम. इथे एक पडताळा करायची सवय लावा, मी मुलांकडून सक्तीनं करून घेते. हा आकडा दोघांतल्या मोठ्या त्रुटीपेक्षा मोठा हवा आणि दोघांच्या बेरजेपेक्षा लहान हवा. काटकोन त्रिकोणाचा कर्ण जसा. इथे २ आणि ३ यांच्या मधे २.२३६ आहे, म्हणजे ठीक. १.७३ आलं असेल तर तुम्ही प्रचरणं वजा केलीत. ३ आलं असेल तर वर्ग न करताच बेरीज केलीत.

चौथी पायरी: आकार घंटेसारखा आहे का

एकेका पाकिटाच्या वजनाचा आकार वाकडातिकडा असू शकतो. पण ३०-३५ पाकिटांच्या सरासऱ्यांचा आलेख, मूळ आकार फारच एकांगी नसेल तर, प्रसामान्य म्हणजे घंटेसारखा होत जातो. नव्या मशीनची पाकिटं २५च होती, पण त्याची वजनं दोन्ही बाजूंना सारखीच पसरलेली असायची, म्हणून तिथेही चालून जातं. आणि दोन प्रसामान्य, स्वतंत्र गोष्टींचा फरकही प्रसामान्यच असतो. तेव्हा तिसऱ्या रकान्याबद्दल आता सगळं कळलं: मध्य ३, प्रमाण त्रुटी २.२३६, आकार घंटेचा.

पाचवी पायरी: संभाव्यता

चित्र उलटं दिसणं म्हणजे फरक शून्यापेक्षा कमी येणं. शून्य हा मध्यापासून किती त्रुट्या दूर आहे ते काढू.

```
z = (0 - 3) / 2.236 = -1.34
```

तक्त्यात १.३४ समोर ०.९०९९ मिळतं. हे डावीकडचं क्षेत्र आहे आणि आपल्याला उणे १.३४च्या डावीकडचं हवं, म्हणून १ वजा ०.९०९९, म्हणजे ०.०९०१. काही तक्ते मध्यापासूनचं क्षेत्र देतात, त्यात ०.४०९९ दिसेल. ते ०.५मधून वजा करा, उत्तर तेच येईल. कुठला तक्ता हातात आहे हे कळायला शून्यासमोर काय छापलंय ते बघावं: ०.५ असेल तर पहिला, ० असेल तर दुसरा.

संगणक जवळ असेल तर एक्सेलमध्ये एवढंच लिहायचं:

```
=NORM.DIST(0, 3, SQRT(12^2/36+5^2/25), TRUE)
```

पडद्यावर 0.0899 येतं. तक्त्यात दोनच दशांश घेतले म्हणून शेवटच्या आकड्यात केसभर फरक पडला.

म्हणजे जुनं मशीन खरोखर ३ ग्रॅम जास्त भरत असूनही, अशा दर शंभर तोलण्यांत सुमारे नऊ वेळा नवं मशीन वरचढ दिसणार. भाच्याला हे ऐकून बरं वाटलं. मला तितकंसं वाटलं नव्हतं, त्याचं कारण पुढे येतं.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर खोटी पाकिटं तोलून बघा. पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```
import random
from statistics import fmean
ulat = 0
for _ in range(20000):
    a = fmean(random.gauss(404, 12) for _ in range(36))
    b = fmean(random.gauss(401, 5) for _ in range(25))
    if a < b:
        ulat += 1
print(ulat / 20000)
```

दर वेळी आकडा थोडा हलेल, पण 0.09च्या अगदी जवळपास राहील.

या उत्तराचा एक चुकीचा अर्थ फार पटकन काढला जातो, तेवढा टाळा. ९ टक्के ही 'नवं मशीन खरोखर जास्त भरतं' याची शक्यता नव्हे. आपण सुरुवातीलाच धरलं होतं की जुनंच जास्त भरतं. ते धरून नमुना आपल्याला किती वेळा फसवेल, याचा हा आकडा आहे.

एक पाकीट की पाकिटांची सरासरी

आणखी एक चूक अशी की कच्चं प्रमाण विचलनच सूत्रात घालायचं, नमुन्याच्या संख्येनं भागायचंच नाही. १४४ अधिक २५, १६९, वर्गमूळ १३. उणे ३ भागिले १३, म्हणजे उणे ०.२३, आणि संभाव्यता ०.४१. आकडा नीटनेटका निघतो, त्यामुळे पोरांना वाटतं जमलं.

हा आकडा निरर्थक नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुकानात गिऱ्हाईकानं जुन्या मशीनचं एक आणि नव्याचं एक पाकीट उचललं, तर जुन्याचं हलकं निघायची शक्यता साधारण ४१ टक्के (एकेका पाकिटाची वजनंही घंटेसारखी पसरतात असं धरून). एकेका पाकिटावर ३ ग्रॅमचा फरक जवळजवळ दिसतच नाही, ३६ आणि २५च्या सरासरीत तो बऱ्यापैकी वर येतो. म्हणून पेपरातला प्रश्न वाचताना 'एका पाकिटाचं वजन' लिहिलंय की 'नमुन्याची सरासरी', या दोन शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

पेपरात बहुतेक वेळा प्रश्न जरा वळवून येतो: 'जुन्याची सरासरी नव्यापेक्षा किमान ५ ग्रॅमनं जास्त येण्याची संभाव्यता काढा.' पायऱ्या त्याच. ५मधून आधी मध्य ३ वजा करायचा, पाचलाच थेट त्रुटीनं भागायचं नाही. २ भागिले २.२३६, म्हणजे ०.८९. त्याच्या उजवीकडचं क्षेत्र ०.१८६७. सुमारे १९ टक्के.

आणखी २५ पाकिटं तोलायची, तर कुठली?

भाच्यानं हा प्रश्न स्वतःहून विचारला, आणि तो चांगला होता. त्याच्याकडे आणखी २५ पाकिटं तोलण्याइतका वेळ होता. नव्या मशीनची तोलली तर तिथे २५ची ५० होतात. त्याच्या वाट्याचं प्रचरण १चं अर्धं होतं, एकूण ४.५, आणि उलटं दिसण्याची शक्यता ९वरून ७.९ टक्क्यांवर येते. तीच २५ जुन्याची तोलली तर ३६ची ६१ होतात, १४४ भागिले ६१ म्हणजे २.३६, त्यात नव्याचं १ धरून ३.३६. शक्यता ५.१ टक्के. श्रम तेवढेच, फायदा तिपटीहून जास्त. पाचातले चार भाग जुनं मशीन बिघडवत होतं, तेव्हा डागडुजी तिथेच करायला हवी. दोन्हीकडची पाकिटं सारखीच घ्यायची असा काही दंडक नाही, जे मशीन जास्त हलतं त्याची जास्त घ्यावी.

आणि मग खरी गोष्ट निघाली

हे सगळं झाल्यावर मी त्याला सहज विचारलं, तुझ्या त्या ३६ पाकिटांचं स्वतःचं प्रमाण विचलन किती आलं होतं? फोनमध्ये आकडे होते. जुन्याची सरासरी ३९९.२, नव्याची ४००.८. आणि जुन्या ३६ पाकिटांचं प्रमाण विचलन फक्त ४ ग्रॅम.

वर्षानुवर्षं १२ ग्रॅमनं हलणारं मशीन एका दिवशी ४ ग्रॅमवर कसं आलं? चहा तसाच ठेवला. "ही पाकिटं घेतलीस कधी?" "सकाळी मशीन सुरू झालं तेव्हा. ओळीनं ३६ उचलली."

आता मशीन कसं भरतं ते सांगायला हवं. जुनं मशीन वजन करतच नाही. त्यात ठराविक मापाचे कप आहेत. कप भरला की तेवढी शेव पाकिटात, वजन किती का असेना. नवं मशीन तोलून भरतं. कपाच्या मशीनमध्ये वजन ठरतं ते शेव किती दाट बसते त्यावर. घाणा ताजा असेल, शेव लांब आणि अखंड असेल, तर कपात पोकळी राहते आणि पाकीट हलकं होतं. चुरा जास्त असेल तर पोकळी भरून निघते आणि पाकीट जड. एका घाण्यातली पाकिटं त्यामुळे एकमेकांसारखी असतात. मशीनचे १२ ग्रॅम मुख्यतः एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंतच्या फरकातून येतात.

हिशोब करून बघू. घाण्याच्या आत ४ ग्रॅम, म्हणजे प्रचरण १६. एकूण प्रचरण १४४. उरलेलं १२८ घाण्याघाण्यांतलं. भाच्यानं सगळी ३६ पाकिटं एकाच घाण्यातून घेतली, तेव्हा त्याच्या सरासरीत १६ला ३६नं भागलं गेलं, पण १२८ला कशानंच भागलं गेलं नाही, कारण घाणा एकच. सरासरीचं प्रचरण १२८ अधिक ०.४४, म्हणजे १२८.४४. त्यात नव्या मशीनचं १ मिळवून वर्गमूळ काढा: ११.३८. आणि उणे ३ भागिले ११.३८ म्हणजे उणे ०.२६, संभाव्यता जवळजवळ ०.४०.

नऊ नव्हे, चाळीस टक्के. ३६ पाकिटं तोलून त्याला मिळालेली माहिती एका घाण्याची होती, एका पाकिटापेक्षा फारशी जास्त नाही. १२ला ६नं भागणं त्याला परवडत नव्हतं, कारण ते ६ छत्तीस स्वतंत्र पाकिटांचं वर्गमूळ आहे, आणि त्याची पाकिटं एकमेकांपासून स्वतंत्र नव्हतीच. आपण दोन मशिनांमधलं स्वातंत्र्य तपासत बसलो आणि नमुन्याच्या पोटातलं तपासायचं राहिलं.

ओळखायची खूण लक्षात ठेवा: नमुन्याचं प्रमाण विचलन जुन्या नोंदीपेक्षा बरंच लहान आलं, तर खूश होऊ नका. पाकिटं एकाच घाण्यातली, एकाच पाळीतली किंवा एकाच तासातली असण्याचा संभव आहे. दुसरी खूण वेळेची. वजनं ज्या क्रमानं भरली त्या क्रमानं कागदावर ठिपके मांडा. ठिपके एका ठिकाणी गुच्छ करून, मग एकदम वर उडून दुसरीकडे गुच्छ करत असतील, तर मोजायची संख्या गुच्छांची, ठिपक्यांची नव्हे.

याच्या उलट घोळही होऊ शकतो. दोन्ही मशिनं कपाची असती, एकाच घाण्यावर चालत असती आणि भाच्यानं दर घाण्याला दोन्हीकडचं एकेक पाकीट घेतलं असतं, तर दोन्ही वजनं बरोबरच वर-खाली झाली असती. तेव्हा स्वतंत्र नमुन्यांचं सूत्र प्रमाण त्रुटी उगाच मोठी दाखवतं. तिथे प्रत्येक जोडीचा फरक आधी काढायचा आणि त्या फरकांच्या एकाच यादीवर काम करायचं. तो वेगळा हिशोब आहे, यात मिसळू नका.

प्रमाण विचलन माहीत नसेल तर

आमच्याकडे जुन्या नोंदी होत्या म्हणून १२ आणि ५ धरता आले. बहुतेकांकडे नसतात. मग नमुन्याचंच प्रमाण विचलन सूत्रात घालतात. दोन्ही नमुने तीस-चाळीसच्या पुढे असतील तर वरच्याच पायऱ्या चालतात. सहा-आठ पाकिटं असतील तर मात्र घंटेचा तक्ता जरा जास्तच आत्मविश्वास दाखवतो आणि टी-तक्त्याकडे जावं लागतं.

दोन्ही गटांची प्रमाण विचलनं वेगवेगळी आणि अज्ञात असली की हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा चिवट होतो. साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ साली 'संख्या' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर लेख लिहिला होता. १९४७मध्ये वेल्चनं मांडलेली तडजोड आज संगणकांवर सर्रास चालते. एक्सेलच्या T.TEST मध्ये शेवटचा आकडा 3 दिला की तीच चालते:

```
=T.TEST(A2:A9, B2:B9, 2, 3)
```

तिथे 2 दिला तर एक्सेल दोन्ही मशिनांचा पसारा सारखा आहे असं धरून चालतं. १२ आणि ५च्या बाबतीत ते धरणं चूक आहे. आणि 1 दिला तर जोड्यांचा हिशोब होतो, जो इथे लागूच नाही.

मेकॅनिकला भाच्यानं परत पाठवलं. मग एका घाण्यातून एकच पाकीट, अशी जुन्या मशीनची ३६ पाकिटं जमवायला त्याला चार दिवस लागले. नव्याची २५ही त्यानं त्याच चार दिवसांत थोडी थोडी उचलली. गुरुवारी रात्री फोन आला. जुन्याची सरासरी ४०३.१, नव्याची ४०१.४, फरक १.७. आणि या वेळी जुन्या पाकिटांचं प्रमाण विचलन ११.६. मी विचारायच्या आधीच त्यानं १.७मधून ३ वजा करून २.२३६नं भागलं होतं: उणे ०.५८. "म्हणजे नेहमीसारखंच आहे ना, मावशी?" हो, नेहमीसारखंच. शेठना आता भरती वाढवायची नव्हती, कपाचं माप कमी करता येईल का ते हवं होतं.